मातीच्या भांड्यापासून आर.ओ.पर्यंत

पांढुर्णा-सौंसरकडे भिंतीवर आर.ओ. लावलेलं घर आता नवलाचं राहिलेलं नाही. त्याच्या दोन नळ्यांपैकी एकीतून पिण्याचं पाणी येतं, दुसरीतून क्षार घेऊन जाणारं पाणी मोरीत जातं. ही दुसरी नळी का लागते याचं उत्तर परासरण दाबात आहे, आणि या दाबाची गोष्ट पंपाच्या कितीतरी आधी सुरू होते.

1748 मध्ये फ्रान्सच्या आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. कातडी फुगून टरटरली. पाणी आत शिरत होतं, पण मद्यार्क तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नव्हता. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं, तेही याच कारणाने. विरघळलेल्या कणांमुळे द्रावणातल्या पाण्याची बाहेर निसटण्याची ओढ कमी होते. म्हणून पडद्याच्या अलीकडचं मोकळं पाणी पलीकडच्या क्षारांकडे जातं.

पण किती जोराने? हे मोजायला 1877 साल उजाडावं लागलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीतच तांब्याच्या फेरोसायनाइडचा पडदा बसवला. मूत्राशयाची कातडी दाबाने फाटली असती. मातीची भिंत पाठीशी असल्यामुळे हा पातळ पडदा टिकला. आत साखरेचं एक टक्का द्रावण, बाहेर पाणी आणि वर पाऱ्याची नळी. पारा सुमारे 53 सेंटीमीटर चढला. साखर दुप्पट केली, तर दाबही जवळपास दुप्पट झाला.

फेफर यांचे हे आकडे द व्हरीस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून व्हान्ट हॉफ यांच्यापर्यंत पोचले. त्यांना त्यात वायूचा नियम दिसला: Π = cRT. आपणच पडताळून पाहू. लिटरमध्ये 10 ग्रॅम साखर म्हणजे 0.029 मोल. 14 अंश तापमानाला दाब येतो 0.69 वातावरण, म्हणजे पाऱ्याचे 52 सेंटीमीटर. मातीचं भांडं आणि कागदावरचं गणित इतकं जवळ येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. दाब कणांच्या संख्येवर ठरतो, म्हणून दोन आयनांत फुटणारं मीठ दुप्पट मोजावं लागतं.

आता वरुडमार्गे अमरावतीकडे उतरा आणि पुढे दर्यापूर गाठा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तिथे लागतो, आणि तो अकोला-बुलढाण्यापर्यंत जातो. समजा एखाद्या बोअरच्या पाण्यात लिटरला 3 ग्रॅम क्षार आहेत आणि सोयीसाठी ते सगळं साधं मीठ धरलं. 30 अंशाला परासरण दाब होतो सुमारे 2.6 बार. पडद्याच्या खाऱ्या बाजूवर याहून जास्त दाब दिला, तर पाण्याची दिशा उलटते. हाच उलट परासरणाचा अर्थ. समुद्राच्या पाण्याला हाच आकडा 27 बारच्या आसपास जातो.

मात्र 2.6 बारवर भागत नाही. निम्मं पाणी काढून घेतलं की उरलेल्यात क्षार दुप्पट होतात आणि दाब 5.2 होतो. तीन चतुर्थांश काढलं तर 10.3 होतो. पंपाला झुंजावं लागतं ते या शेवटच्या टोकाच्या पाण्याशी. शिवाय पाणी पुरेशा वेगाने यावं म्हणून वरचा जोर लागतो तो वेगळाच. म्हणून हे शेवटचं खारं पाणी दुसऱ्या नळीतून सोडून द्यावं लागतं.

हे तत्त्व माहीत असूनही अनेक दशकं यंत्र झालं नाही, कारण पडदा. 1950 च्या दशकात फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांना सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा मीठ अडवताना दिसला, पण पाणी थेंब-थेंबच येई. जाड पडदा म्हणजे पाण्याला लांबचा रस्ता. लॉस ॲन्जेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960 च्या सुमारास हा प्रश्न सोडवला. त्यांचा पडदा दोन बाजूंना दोन प्रकारचा होता: वर अतिशय पातळ, दाट साय आणि खाली आधारापुरता सच्छिद्र थर. मीठ अडवायचं काम फक्त साय करी. पडदा उलटा बसवला की मीठ निसटून जाई. फेफर यांच्या मातीच्या भिंतीनेही पातळ पडद्याला असाच आधार दिला होता. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोआलिंगा गावाला या पडद्यातून गाळलेलं पाणी मिळालं, आणि तेही समुद्राचं नव्हे, मचूळ विहिरीचं होतं.

यंत्र बिघडतं तेही बहुधा पाणी सर्वांत खारं होतं त्या शेवटच्या टोकालाच. पाणी आटत जाताना कॅल्शियमचे क्षार पडद्यावर साचतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी जड असतं, तिथे हे लवकर होतं. गोड पाण्याची धार बारीक झाली तर पडदा भरत आला आहे. धार तशीच असून त्याचा टीडीएस चढत गेला, तर पडदा किंवा त्याचा जोड फुटला आहे असं समजावं. मोरीत जाणारं पाणी वाचवायला ती नळी फार आवळली, तर साचणं वाढतं.

पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार असतील, तर परासरण दाब पाव बारच्या आसपास असतो. भारतीय मानकात 500 पर्यंतचं पाणी स्वीकारार्ह आहे. फक्त क्षारांचाच प्रश्न असेल तर अशा पाण्याला आर.ओ. लावून मोरीत पाणी सोडण्याचं कारण मला दिसत नाही. दर्यापूरकडच्या बोअरला मात्र दुसरा मार्ग सहसा नसतो.