सेक्टर क्रमांक ६३ : एका जुन्या सीमेचा इतिहास

चकतीवरील साठ्याचे मूळ एकक म्हणजे सेक्टर. तो ५१२ बाइटांचा असावा, हा संकेत वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात सुमारे तीन दशके अबाधित राहिला. परंतु प्रत्येक सेक्टराबरोबर थोडी रिकामी जागा आणि दोषनिवारणाचे बाइट खर्ची पडतात. घनता वाढली तसा हा खर्च जड वाटू लागला, आणि उत्पादकांनी ४०९६ बाइटांचा भौतिक सेक्टर स्वीकारला. ‘ॲडव्हान्स्ड फॉरमॅट’ या नावाने तो २००९ च्या अखेरीपासून बाजारात आला. जुन्या कार्यप्रणालींना मात्र ५१२ बाइटांचाच व्यवहार ठाऊक होता. म्हणून चकती बाहेर जुनाच हिशेब दाखवी आणि आत एका भौतिक सेक्टरात आठ आभासी सेक्टर मांडी.

अडचण उद्भवली ती एका जुन्या रूढीमुळे. पूर्वीच्या पत्तापद्धतीत सेक्टराच्या क्रमांकासाठी सहाच बिट होते व गणना एकापासून होई. म्हणून एका मार्गावर जास्तीत जास्त ६३ सेक्टर मानले जात. पहिला मार्ग विभागकोष्टकासाठी राखून पहिला विभाग दुसऱ्या मार्गावर सुरू करीत. शून्यापासून मोजल्यास हा आरंभ सेक्टर ६३ वर येतो. २००१ सालची विंडोज एक्सपीही हीच रूढी पाळीत असे.

आता हिशेब पाहू. सेक्टर ५६ ते ६३ हा एक भौतिक सेक्टर, तर ६४ ते ७१ हा त्यापुढचा. विभागातील पहिला ४०९६ बाइटांचा गट ६३ ते ७० असा पसरतो. म्हणजे त्याचा एक अंश एकीकडे व सात अंश दुसरीकडे. तो लिहिताना चकतीला दोन्ही भौतिक सेक्टर आधी वाचून, बदलून, पुन्हा लिहावे लागतात, आणि त्यासाठी बहुधा एक जादा फेरा थांबावे लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हा विलंब सुमारे ११ मिलिसेकंदांचा होतो. माहिती बिघडत नाही व दोषसूचनाही मिळत नाही. विखुरलेली लहान लेखने तेवढी मंदावतात. सलग लेखनात हा भुर्दंड मुख्यतः दोन टोकांनाच बसतो.

वेस्टर्न डिजिटलने आरंभीच्या काही चकत्यांवर ७ व ८ या खुंट्या जोडण्याची सोय ठेवली होती. त्यामुळे सर्व क्रमांक एकाने सरकत आणि ६३ चा ६४ होई. पण पुढील विभाग १६०६५ च्या पटीत सुरू होत. १६०६५ ला आठाने भागता एक उरतो. त्यामुळे एकापेक्षा अधिक विभाग असल्यास हा उपाय सर्वांना लागू पडत नसे.

२००७ साली सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टाने नव्या विभागांचा आरंभ २०४८ वर नेला. ही संख्या आठाने निःशेष भागली जाते. तरीही जुन्या चकतीची सेक्टरशः प्रतिकृती नव्या चकतीवर उतरविली की ६३ ही सीमा जशीच्या तशी तिकडे जाते. तिची परीक्षा लिनक्सवर सोपी आहे :

```
cat /sys/block/sda/sda1/start
```

येणारी संख्या आठाने भागावी. बाकी उरल्यास विभाग विषम आहे. दुरुस्तीसाठी संपूर्ण विभाग २०४८ वर सरकवावा लागतो. एनटीएफएस विभागाच्या बूट सेक्टरात त्याचा आरंभक्रमांक स्वतंत्रपणे नोंदलेला असतो; केवळ कोष्टकातील आकडा बदलून ही नोंद जुनीच ठेवल्यास त्या विभागावरून यंत्र सुरू होत नाही. म्हणून सुरक्षित प्रत घेतल्यावाचून हे स्थलांतर करू नये.