बोलण्याला गुण कसे देतात?

निबंधाचा कागद पुन्हा वाचता येतो. बोललेला शब्द मात्र तोंडातून सुटला की गेला. मग त्याला गुण द्यायचे तरी कशावर?

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परदेशी माणसांसाठी इंग्रजीची परीक्षा काढली. पहिल्या वर्षी तिघे बसले आणि तिघेही नापास झाले! तोंडी भागात शुद्धलेखन, मोठ्याने वाचन आणि थोडे संभाषण होते. शिवाय उच्चारशास्त्राची वेगळी लेखी पत्रिकाच होती. म्हणजे उच्चार कागदावर खुणांनी लिहून दाखवायचा! ती पत्रिका १९३२ साली गेली.

आता २००१ साली यायचे. आयेल्ट्स नावाची परीक्षा आहे. परदेशी शिकायला जाणारी आपली पुष्कळ मुले ती देतात. त्या वर्षापासून तिच्या तोंडी परीक्षेत परीक्षक चार रकाने भरू लागला: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. पहिल्या तिघांना वरची पायरी ९, आणि चौघांचे वजन सारखे.

ओघ म्हणजे भरभर बोलणे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मुलगा थांबला तर तो कशासाठी थांबला, हे पाहायचे. विचार करायला थांबला तर फारसे बिघडत नाही. शब्दच सापडेना म्हणून पुन्हा पुन्हा अडला, तर पायरी उतरते. शब्दसंपत्तीचेही असेच. विळीला इंग्रजी शब्द ठाऊक नसला, पण ‘जमिनीवर बसून, पाट पायाखाली धरून भाजी चिरतात ते पाते’ असे इंग्रजीत सांगता आले, तर ते जमेलाच धरतात.

खरी अडचण उच्चारात झाली. बाकीच्या रकान्यांत एकेक पायरी होती. उच्चारात मात्र २, ४, ६, ८ एवढ्याच. समजा, एका मुलीला तिन्ही रकान्यांत ६ मिळाले. उच्चार ४ हून बरा, पण ६ ला पोचत नाही. ६ दिले तर सरासरी ६. ४ दिले तर बेरीज २२, सरासरी साडेपाच. मुलगी तीच, बोलणेही तेच! अखेर २००८ साली मधल्या पायऱ्या घातल्या.

राहिला सहज संवाद. त्याला इथे वेगळा रकानाच नाही. एकाच विद्यार्थ्याशी दोन परीक्षक बोलले तर गुण वेगळे पडतात, असे अभ्यासकांना आढळले होते. एक परीक्षक बोलके करतो, दुसरा तोडून बोलतो. म्हणून २००१ पासून परीक्षकाने काय विचारायचे तेच बरेचसे छापून दिले. न्याय वाढला खरा, पण पहिल्या दोन भागांत गप्पा राहिल्या नाहीत. शेवटच्या चारपाच मिनिटांच्या चर्चेत परीक्षकाला आपल्या शब्दांत विचारायची थोडी मोकळीक ठेवली आहे.