उपरोध कसा कळतो?

‘दहा मिनिटांत पोहोचतो’ असा फोन करून मित्र तासाभराने येतो. आपण म्हणतो, “वा, बरोब्बर दहा मिनिटांत आलास!” यातला टोमणा त्याला लगेच कळतो. पण कसा?

‘बोलणारा जे म्हणतो त्याच्या उलट त्याला म्हणायचे असते’, हे जुने उत्तर. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनीही १९७५ साली जवळपास अशीच मांडणी केली. पण या उदाहरणात उलट अर्थ ‘तू दहा मिनिटांत आला नाहीस’ एवढाच निघतो, आणि ते तर मित्रालाही ठाऊक आहे. मग बोलण्यातून नवे काय कळले?

डॅन स्पर्बर आणि डियर्ड्रे विल्सन यांनी १९८१ साली वेगळे उत्तर दिले. उपरोधात आपण स्वतःचे मत मांडत नाही. दुसऱ्याच्या बोलण्याचा किंवा विचाराचा प्रतिध्वनी उमटवतो आणि तो किती हास्यास्पद ठरला हे सुचवतो. इथे प्रतिध्वनी आहे मित्राच्या फोनवरच्या वचनाचा. त्याच्यापर्यंत पोहोचते ती माहिती नव्हे, तर त्या वचनाबद्दलची आपली नाराजी.

मराठीत हा प्रतिध्वनी कधी कधी उघडच ऐकू येतो. “दहा मिनिटांत येतो म्हणे!” यातले ‘म्हणे’ हे शब्द दुसऱ्याचे असल्याचे सांगते. त्यापुढची नापसंती मात्र सूर आणि चेहरा सांगतो.

म्हणजे ऐकणाऱ्याला तीन गोष्टी ओळखाव्या लागतात: बोलणाऱ्याचा या शब्दांवर विश्वास असणे शक्य नाही, हा विचार मुळात कोणाचा आहे, आणि बोलणारा त्याकडे कोणत्या नजरेने पाहतो आहे.

मूळ विचार सापडला नाही, तर उपरोध फसतो. हे उदाहरण ग्राइस यांचेच आहे: काच फुटलेली गाडी दाखवून कोणी म्हणाले, “बघा, या गाडीच्या सगळ्या काचा शाबूत आहेत”, तर ऐकणारा गोंधळतो. विधान उघड खोटे असूनही उपरोध होत नाही. पण ‘या गल्लीत गाडी अगदी सुरक्षित राहते’ असे आधी कोणी सांगितले असेल, तर तेच वाक्य बरोबर लागते.

याच कारणाने स्तुतीच्या शब्दांत टोमणा मारणे सोपे जाते. काम बिघडवणाऱ्याला “काय हुशार आहेस!” म्हटले की पुरते, कारण माणसाने नीट काम करावे ही अपेक्षा सर्वांच्याच मनात असते आणि प्रतिध्वनी तिचाच असतो. उत्तम काम करणाऱ्याला “काय मूर्ख आहेस!” म्हटले, तर ‘मला हे जमणार नाही’ असे तो आधी म्हणाला असल्याशिवाय त्यातली थट्टा कळत नाही.

लेखी निरोपात सूर आणि चेहरा दोन्ही नसतात. तिथे मूळ बोलणे वाचणाऱ्याला आठवत नसेल, तर टोमणा सरळ कौतुक म्हणून वाचला जातो.