तीळ : सालीचे व बिनसालीचे, काळे व पांढरे

तीळ (शास्त्रीय नाव सेसॅमम इंडिकम, कुल पेडॅलिएसी). तेलबियांपैकी एक प्राचीन पीक. वनस्पतीचे वर्णन, लागवड व तेल यांसाठी पहा : गळिताची पिके, प्रस्तुत नोंद स्वयंपाकात येणाऱ्या दाण्यापुरती आहे.

तिळाचे भेद दोन अंगांनी होतात, रंगावरून आणि सालीवरून. बोलताना ही दोन अंगे एकमेकांत मिसळतात आणि त्यातून बरेच गैरसमज होतात. महाराष्ट्रातील किराणा दुकानात नुसते ‘पांढरे तीळ’ मागितले, तर शहरात पुष्कळदा पॉलिशचे, म्हणजे साल काढलेले तीळ मिळतात. साल असलेल्या पांढऱ्या तिळांना बिनपॉलिशचे किंवा गावरान तीळ म्हणतात. काळ्या तिळांत असा भेद पडत नाही, कारण काळा रंग सालीतच असतो. काळ्या तिळाची साल काढली की आतला गर पांढऱ्या तिळासारखाच मलईच्या रंगाचा निघतो आणि मग तो काळा तीळ म्हणून विकला जात नाही. त्यामुळे ‘काळे तीळ पांढऱ्यापेक्षा पौष्टिक’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा सालीचे काळे आणि बिनसालीचे पांढरे यांची तुलना होत असते. फरक रंगाचा समजला जातो, पण मुख्यतः तो सालीचा असतो.

साल. तिळाची साल पातळ असली तरी दाण्याच्या वजनाचा सुमारे सहावा भाग तिचा असतो. तीत तंतू व कॅल्शियम ऑक्झॅलेट या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. बिनपॉलिशच्या तिळाचा किंचित कडसर, तुरट स्वाद मुख्यतः या सालीमुळे येतो. सालीचा पांढरा तीळ पाहताच ओळखता येतो. त्याचा रंग मळकट पिवळसर ते फिकट तपकिरी असतो, एका पुडीतील दाणेही एका छटेचे नसतात आणि बोटांना ते थोडे खरखरीत लागतात. पॉलिशचा तीळ एकसारखा पांढरा, गुळगुळीत व किंचित तेलकट असतो. शंका असल्यास चमचाभर तीळ रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी तळहातावर चोळावेत. साल असेल तर पारदर्शक पापुद्रे सुटून येतात.

कारखान्यात तीळ आधी भिजवतात. काही ठिकाणी पाण्यात कॉस्टिक सोडा अल्प प्रमाणात घालतात, म्हणजे साल लवकर सैल होते. नंतर यंत्रात दाणे एकमेकांवर घासले जातात, सुटलेली साल धुऊन काढतात आणि दाणे वाळवतात. साल वेगळी करण्याची एक जुनी रीत मिठाच्या पाण्याची आहे. दाट खारवलेल्या पाण्यात तेलकट गर वर तरंगतो आणि साल तळाशी बसते. घरी हे काम करायचे तर भिजवलेले तीळ जाड कापडात धरून चोळतात किंवा ओलसर असतानाच उखळात हलक्या हाताने कांडतात. जोराने कांडले की गर फुटतो, तेल सुटते आणि सगळ्याचा लगदा होतो. कांडलेले तीळ लगेच उन्हात पसरावे लागतात. ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

कॅल्शियम. तिळाविषयी सर्वाधिक लिहिले गेले ते या एका घटकाबद्दल, म्हणून येथे जरा विस्ताराने दिले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम तिळात १४५० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे आणि आहारविषयक मराठी लेखनात बहुधा हाच आकडा येतो. संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात काळे, तपकिरी व पांढरे तीळ वेगवेगळे नोंदले आहेत. त्यांत काळ्यांचा आकडा सर्वांत मोठा आहे. पण तिन्ही १००० मिलिग्रॅमच्या वरच आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात सालीच्या वाळल्या तिळासाठी ९७५ मिलिग्रॅम आणि साल काढलेल्या तिळासाठी अवघे ६० मिलिग्रॅम असे आकडे आहेत. वाण, जमीन आणि दाणे किती स्वच्छ केले यांवरून आकडे बदलतात, त्यामुळे निरनिराळ्या तक्त्यांची तुलना तंतोतंत करता येत नाही. तरीही सालीचा फरक दहापट किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यापुढे काळ्या-पांढऱ्याचा फरक फारच लहान आहे.

तिळगुळाच्या लाडवावरून हे स्पष्ट होईल. २०० ग्रॅम तीळ आणि २०० ग्रॅम गूळ घेऊन २० ग्रॅमचा एक, असे २० लाडू वळले तर प्रत्येकात १० ग्रॅम तीळ येतो. तीळ सालीचा असेल तर एका लाडवातील तिळात तक्त्यानुसार सुमारे १०० ते १४५ मिलिग्रॅम कॅल्शियम भरते. तोच लाडू पॉलिशच्या तिळाचा केला तर तिळातले कॅल्शियम ६ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. लाडवातल्या १० ग्रॅम गुळातच सुमारे ८ मिलिग्रॅम असते. म्हणजे पॉलिशच्या लाडवात तिळापेक्षा गुळाचे कॅल्शियम अधिक ठरते. पॉलिशच्या पुडीवर ‘कॅल्शियमयुक्त’ असे छापलेले असेल, तर आकडा कोणत्या तिळाचा आहे हे पाहिले पाहिजे.

तक्त्यातले सगळे कॅल्शियम मात्र शरीराला मिळत नाही. सालीतले कॅल्शियम मोठ्या प्रमाणात ऑक्झॅलेटशी बांधलेले असते आणि हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३२ टक्के शोषले जाते, तर साल काढलेल्या तिळासाठी सुमारे २१ टक्के असा आकडा आहारशास्त्रात वापरतात. सालीच्या तिळात हे प्रमाण याहून कमी असावे असे मानले जाते; ते नेमके किती, यावर एकमत दिसत नाही. त्यामुळे ‘चमचाभर तीळ म्हणजे पेलाभर दूध’ हा हिशेब चुकीचा आहे. सालीचा तीळ तरीही उपयोगी स्रोत ठरतो, कारण मुळातच प्रमाण मोठे असल्याने त्यातला थोडा अंश मिळाला तरी पॉलिशच्या तिळापेक्षा तो जास्त भरतो. दाणा अख्खा गिळला गेला तर पुष्कळदा तो न पचताच बाहेर पडतो. म्हणून कूट करून किंवा नीट चावून खाणे इष्ट. भाजल्याने कॅल्शियम कमी होत नाही. ऑक्झॅलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी सालीचा तीळ किती खावा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चव व भाजणे. कच्चा पॉलिशचा तीळ गोडसर व सौम्य असतो. सालीचा पांढरा तीळ भाजल्यावर अधिक खमंग होतो आणि तोंडात त्याचा कोंड्यासारखा कण राहतो. काळ्याचा स्वाद उग्र, मातकट, शेवटी कडवटपणाकडे झुकणारा असतो. पण या भेदांपेक्षा भाजणी कशी झाली यावर चव जास्त ठरते. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, थोडे थोडे तीळ सतत हलवत भाजावेत. दाणे तडतडू लागतात आणि फुगून हलके होतात. झाले की नाही हे पाहायला दाणा चिमटीत चुरडतात. चुरा झाला की उतरवायचे आणि लगेच गार परातीत काढायचे, कारण कढईच्या उष्णतेने ते पुढेही भाजतच राहतात. पॉलिशचे तीळ लवकर होतात आणि लवकर करपतात. काळ्यांचा रंग बदललेला कळत नाही, म्हणून त्यांत चिमूटभर सालीचे पांढरे तीळ मिसळतात. ते बदामी झाले की काळेही झाले असे समजावे. करपलेल्या तिळाची कडू चव गुळानेही झाकत नाही. कूट करताना तीळ पूर्ण गार हवेत आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवावा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

सालीच्या तिळात खडे-माती असण्याचा संभव मोठा असतो. असे तीळ भाजण्यापूर्वी पाण्यात रोळून, निथळून कापडावर वाळवावेत. वडीत आलेली कचकच बहुधा सालीची नसून न रोळलेल्या तिळातील वाळूची असते.

रोजचा वापर. संक्रांतीच्या वड्या व लाडू दोन्ही प्रकारच्या तिळांचे करतात. दिसायला पांढरी शुभ्र वडी हवी असेल तर पॉलिशचे, खमंगपणा हवा असेल तर गावरान. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात. तिथे सालीचे तीळ सोयीचे पडतात, कारण तव्यावरची आच ते जास्त सोसतात. गुळपोळीच्या सारणात कूट बारीक लागते आणि पॉलिशच्या तिळाचे ते लवकर एकजीव होते. गोड्या मसाल्यात, भरल्या वांग्यांत आणि तिळाच्या चटणीत मात्र सालीच्या तिळाने चव भरते. अळूवड्यांवर भुरभुरण्यास कोणतेही चालतात. गुजरातेत काळे तीळ गुळासह घाण्यात कुटून कचरियुं करतात, आसामात तांदळाच्या पिठाच्या पातळ पोळीत काळ्या तिळाचे सारण भरून तिळपिठा करतात. पश्चिम आशियातील ताहिनी बहुतांशी साल काढलेल्या तिळाची असते. जपानमध्ये भाजलेले काळे तीळ मिठासह कुटून भातावर घालतात.

धार्मिक उपयोग. तर्पण व श्राद्ध यांत काळे तीळ.

सारखी दिसणारी बियाणी. काळे तीळ आणि कारळे (खुरासणी) यांची गल्लत होते. कारळे हे सूर्यफुलाच्या कुलातील पीक असून त्याचे बी लांबट, सडपातळ आणि चकचकीत असते. तिळाचा दाणा चपटा, थेंबाच्या आकाराचा आणि मंद काळा असतो. कारळ्याची चटणी हा वेगळा पदार्थ आहे. तपकिरी तीळ रंगवून काळे म्हणून विकण्याचे प्रकारही घडतात. ओल्या पांढऱ्या कापडात दाणे चोळले असता दाट रंग उतरला आणि दाण्यावर खाली फिकट ठिपके दिसू लागले तर संशय घ्यावा. थोडासा रंग अस्सल काळ्या तिळाचाही सुटतो.

साठवण. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते. तिळाच्या तेलात सेसमोलिन हा घटक असून भाजल्यावर त्यापासून सेसमॉल तयार होते; या द्रव्यांमुळे तिळाचे तेल इतर तेलांपेक्षा उशिरा खवट होते. अख्ख्या सालीच्या दाण्यात तेल झाकलेले राहते, म्हणून तो कोरड्या बंद डब्यात कित्येक महिने टिकतो. पॉलिशच्या दाण्याला घासले जाताना सूक्ष्म चिरा पडतात आणि त्याला खवट वास लवकर येतो. तीळकूट त्याहून लवकर बिघडते. ते आठ-पंधरा दिवसांपुरतेच करावे, किंवा शीतकपाटात ठेवावे.