‘६–९ महिने’ लेबलचा फ्रॉक सहा महिन्यांच्या बाळाला मोठा का होतो?

उष्टावणासाठी सहा महिन्यांच्या मुलीला फ्रॉक घ्यायचा आहे. तुम्ही आरमोरीत बसून मोबाइलवर ‘६–९ महिने’ निवडता. पार्सल येतं आणि फ्रॉकचा गळा बाळाच्या खांद्यावरून खाली घसरतो. सहा महिन्यांच्या बाळाला सहा महिन्यांचा कपडा का बसत नाही?

वय एकच, बाळं वेगळी

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बाळांच्या वाढीचे तक्ते जाहीर केले. त्यासाठी सहा देशांतली बाळं मोजली होती आणि त्यात दिल्लीतली बाळंही होती. या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीची सरासरी लांबी ६५.७ सेंमी असते. पण साधारण ६१ ते ७० सेंमीपर्यंतची लांबी नेहमीच्या मर्यादेत धरली जाते. म्हणजे एकाच वयाच्या दोन निरोगी मुलींमध्ये ९ सेंमीचा फरक असू शकतो.

युरोपीय पद्धतीच्या साइझमध्ये ५६, ६२, ६८, ७४ असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे बाळाची सेंमीमधली लांबी, आणि दोन साइझमध्ये ६ सेंमीचं अंतर असतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या मुलींपैकी कुणाला ६२, कुणाला ६८, तर कुणाला ७४ नंबर लागतो. लेबलवर मात्र वय एकच छापलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यात हा फरक जन्मापासूनच दिसतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५–९६ मध्ये गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास केला. त्यात ४२ टक्के बाळांचं जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी होतं. अशा बाळाच्या कपड्याचं माप नुसत्या वयावरून काढलं, तर ते चुकण्याची शक्यता जास्त.

मग भारतीय बाळांसाठी वेगळी मापं का नाहीत? ‘निफ्ट’चा ‘इंडियासाइझ’ हा देशव्यापी मापन प्रकल्प १५ ते ६५ वयोगटासाठी आखला होता. बाळं त्यात नव्हतीच.

माप कसं घ्यायचं?

दोनच मापं पुरतात.

*लांबी:* बाळाला भिंतीला डोकं टेकवून सपाट जमिनीवर झोपवा. एकाने डोकं सरळ धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच सरळ करून टाचांना वही उभी टेकवायची. भिंतीपासून वहीपर्यंतचं अंतर म्हणजे लांबी. अंगणवाडीत नुकतीच नोंदवलेली लांबी असेल, तर तीही चालेल.

*छाती:* पातळ बनियनवरून, काखेखालून आणि स्तनाग्रांच्या रेषेतून शिंप्याची टेप फिरवा. टेप अंगाला लागावी, पण रुतू नये. बाळ रडत असेल तर थांबा, कारण रडताना छाती फुगते आणि माप जास्त येतं.

आता तक्ता वाचूया

समजा, मुलीची लांबी ६२ सेंमी आणि छाती ४० सेंमी आली. ‘६–९ महिने’समोर अनेक तक्त्यांत ७४ सेंमी लिहिलेलं असतं, म्हणजे तो फ्रॉक तब्बल दोन साइझ मोठा. ६२ नंबर आज बसेल, पण लवकरच आखूड होईल. म्हणून ६८ घ्यावा.

इथे एक गफलत होते. काही तक्त्यांत बाळाच्या अंगाचं माप असतं, काहींत कपड्याचं. ‘लांबी ४० सेंमी’ लिहिलं असेल, तर ती खांद्यापासून घेरापर्यंतची फ्रॉकची लांबी आहे. त्याची तुलना बाळाच्या ६२ सेंमीशी करू नका. अशा वेळी घरातला नीट बसणारा फ्रॉक सपाट पसरून खांद्यापासून खालपर्यंत मोजा आणि तो आकडा तक्त्याशी ताडा.

छातीचंही तसंच. फ्रॉक पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत २२.५ सेंमी भरला, तर त्याचा घेर ४५ सेंमी. बाळाची छाती ४०, म्हणजे ५ सेंमी मोकळीक राहिली. न ताणणाऱ्या सुती कपड्यात साधारण एवढी मोकळीक हवी. होजिअरीचा कपडा ताणला जातो, त्याला कमी चालते.

हे माप किती दिवस चालतं?

जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी सरासरी ११ सेंमीच्या आसपास वाढते. सहा ते नऊ महिन्यांत मात्र ४-५ सेंमीच. त्यामुळे तान्ह्या बाळाचं महिन्याभरापूर्वीचं माप वापरू नका, ऑर्डर देण्याच्या दिवशी पुन्हा मोजा.

कपडा आला की आधी गळा पाहा. तो खांद्यावरून घसरत असेल किंवा वर सरकून तोंडावर येत असेल, तर त्या कपड्यात बाळाला झोपवू नका. काखेत वळ उठत असतील किंवा मांडीजवळची बटणं ओढली जात असतील, तर कपडा लहान आहे, लेबलवर वय काहीही असो.

भेट द्यायची असेल तर ‘बाळ किती महिन्यांचं?’ यासोबत ‘लांबी आणि छाती किती?’ हेही विचारा.