पेनिसिलिनला न जुमानणारे यीस्ट

पेनिसिलिन व त्यामागून आलेल्या प्रतिजैविकांचा वापर 1940 च्या दशकात वाढला, तशी एक नवी अडचण दिसू लागली. जीवाणूंचा आजार बरा होई, पण काही रुग्णांच्या तोंडात पांढरे चट्टे उठत. ते कँडिडा या यीस्टचे असत. जीवाणू मेल्याने त्याला रान मोकळे मिळे.

पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनची भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून दुभागून वाढणारा जीवाणू फुटतो. यीस्टच्या भिंतीत हा पदार्थच नसतो. ती मुख्यतः ग्लुकान व मॅनानची असते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला यीस्ट जीवाणूपेक्षा कितीतरी मोठे दिसते, आणि त्याच्या अंगावर मुकुलायनाची कळीही. शिवाय त्याला आपल्या पेशींसारखे केंद्रक असते.

1950 साली एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या अमेरिकी संशोधिकांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून निस्टॅटिन मिळवल्याचे जाहीर केले. (हा स्ट्रेप्टोमायसिस स्वतः जीवाणूच!) निस्टॅटिन यीस्टच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून छिद्रे पाडते. बहुतेक जीवाणूंत स्टेरॉल नसल्याने ते वाचतात. आपल्या पेशींत मात्र त्याचेच भावंड, कोलेस्टेरॉल, असते. म्हणून निस्टॅटिन रक्तात टोचणे धोक्याचे. ते त्वचेवर किंवा तोंडात लावतात. गिळले तरी ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाही.