विक्री यंत्राची अवस्था आकृती

विक्री यंत्राची अवस्था आकृती ही नाणी घेऊन वस्तू देणाऱ्या यंत्राचे वर्तन दर्शविणारी यूएमएल पद्धतीची आकृती होय. तिच्यात अवस्था गोलसर कोपऱ्यांच्या चौकटीने व संक्रमण बाणाने दाखवितात. आरंभ भरीव काळ्या वर्तुळापासून होतो. तेथून निघणाऱ्या बाणावर अट नसते; ‘जमा = ०’ एवढी कृती लिहिता येते.

समजा, वस्तूची किंमत २० रुपये असून यंत्र ५ व १० रुपयांची नाणी घेते. ‘प्रतीक्षा’ अवस्थेत नाणे पडताच चौकटी कंसातील अटी तपासल्या जातात. [जमा + नाणे < २०] ही अट खरी असल्यास जमा वाढते व यंत्र त्याच अवस्थेत राहते. [जमा + नाणे ≥ २०] खरी असल्यास ते ‘वस्तू देणे’ या अवस्थेत जाते आणि वस्तू व उरलेले पैसे देऊन, जमा शून्य करून, प्रतीक्षेत परतते.

दुसऱ्या अटीत ≥ ऐवजी > लिहिले गेल्यास दहाची दोन नाणी टाकणारा ग्राहक फसतो. बेरीज नेमकी २० होते, दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि अशी घटना यूएमएलच्या नियमानुसार दुर्लक्षिली जाते. नाणे यंत्राच्या पोटात जाते, जमा मात्र १० च राहते. पुढे दहाची कितीही नाणी टाकली तरी तेच घडते. याउलट पहिल्या अटीत ≤ लिहिल्यास २० ला दोन्ही अटी खऱ्या ठरतात आणि कोणता बाण घ्यावा, हे आकृतीवरून ठरत नाही.